सहा पानी तिमाही विक्री अहवालाचं एक पान: कूलर वितरकाच्या उदाहरणासह

विक्रीचा तिमाही अहवाल लिहिणारा माणूस घडलं त्या क्रमानं लिहितो: आधी एप्रिल, मग मे, मग जून, मग झोनवार, शेवटी आभार. वाचणाऱ्याला मात्र घडलेल्यापैकी आता कशावर काय करायचं ते हवं असतं. म्हणून सहा पानांचं एक पान करताना वाक्यं छाटत बसलं तर हाती फक्त लहान अक्षरांचा तोच अहवाल उरतो. काम उलट्या दिशेनं करावं लागतं. निर्णय आधी ठरवायचा, मग त्याला लागणारे आकडे अहवालातून शोधायचे, आणि शेवटी त्या आकड्यांवर मोजकी टिप्पणी लिहायची.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. नागपुरातला एक कूलर वितरक घेऊ. विदर्भात चार झोनमध्ये डीलरांना माल देतो, हिशेब टॅलीत, अहवाल एक्सेल आणि वर्डमध्ये. तिमाही एप्रिल ते जून, म्हणजे ऐन हंगाम. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण एकमेकांशी जुळतात, त्यामुळे कागद घेऊन पडताळून पाहता येतील.

आधी ठरवा: हे पान पाहून कोण काय ठरवणार?

सेल्स मॅनेजरला विचारा, जुलैच्या बैठकीत मालक कोणत्या गोष्टीवर हो किंवा नाही म्हणणार आहेत. आपल्या उदाहरणात दोन प्रश्न आहेत. अमरावती–यवतमाळ झोनमधल्या दोन डीलरांचा थांबवलेला माल पुन्हा सुरू करायचा का? आणि जूनमध्ये हंगामअखेरच्या स्कीमवर दिलेल्या मालाचं पुढे काय करायचं? हे दोन प्रश्न कोऱ्या कागदावर वर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक आकड्याला एकच कसोटी लावायची: हा आकडा बदलला तर यातला एखादा निर्णय बदलेल का? नसेल बदलत, तर तो आकडा कितीही चांगला दिसला तरी मूळ अहवालातच राहू द्यावा.

अहवालातले दावे सुटे करा

मूळ अहवालाच्या पहिल्या पानावरचा हा परिच्छेद पाहा. असे परिच्छेद कुठल्याही ऑफिसात मिळतील:

«या तिमाहीत आपल्या टीमने प्रतिकूल हवामानातही ४१२ लाखांची विक्री करून गेल्या वर्षीच्या तुलनेत ६.२ टक्के वाढ नोंदवली. नागपूर झोनने लक्ष्य ओलांडून उत्तम कामगिरी केली. अमरावती भागात काही डीलरांच्या उधारीच्या अडचणींमुळे अपेक्षित विक्री होऊ शकली नाही, तरी तेथेही लवकरच सुधारणा अपेक्षित आहे.»

अहवाल छापून घ्या आणि पेन घेऊन तीन प्रकारच्या खुणा करा. आकड्याभोवती गोल. कारणाखाली रेघ. आणि ज्याला ना आकडा ना पुरावा, अशा मतावर काट. वरच्या परिच्छेदात ४१२ लाख आणि ६.२ टक्के यांना गोल मिळेल. ‘उधारीच्या अडचणींमुळे’ याखाली रेघ येईल. ‘प्रतिकूल हवामानातही’, ‘उत्तम कामगिरी’ आणि ‘लवकरच सुधारणा अपेक्षित’ यांच्यावर काट. काट मारली म्हणजे ते खोटं ठरवलं असं नाही. त्याला आकडा मिळाला तर ते परत येईल.

मग एक्सेलमध्ये चार रकान्यांची साधी यादी करा: दावा, आकडा, आकडा कुठून आला, ताळा जुळला का. सहा पानांतून साधारण वीस-पंचवीस ओळी निघतात. या यादीला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या, कारण अहवालाच्या आतल्या पानात लपलेली गोष्ट इथेच सापडते. आपल्या उदाहरणात ती पाचव्या पानावर आहे: «जूनमधील हंगामअखेर योजनेला डीलरांनी चांगला प्रतिसाद दिला.» वाक्य निरुपद्रवी वाटतं. पण योजनेचं पत्रक काढून वाचलं, की त्यात अट दिसते: न विकलेला माल ३१ जुलैपर्यंत परत घेतला जाईल. या अटीवर किती बिलं झाली ते टॅलीतून काढलं तर आकडा येतो ३४ लाख. हा आकडा पुढे सगळं पान फिरवणार आहे.

ताळा जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका

एका पानावर आठ-दहाच आकडे असतात आणि म्हणूनच त्यातला एक चुकला की सगळ्या पानावरचा विश्वास उडतो. चुका बहुतेक वेळा दोन ठिकाणी होतात.

पहिली जागा म्हणजे विक्री कोणती. बिलाची एकूण रक्कम, जीएसटी वगळून रक्कम, आणि क्रेडिट नोट वजा करून उरलेली निव्वळ रक्कम, हे तीन वेगळे आकडे आहेत. एकाच अहवालाच्या वेगवेगळ्या पानांवर तिन्ही आलेले असतात, कारण पानं वेगवेगळ्या माणसांकडून आलेली असतात. आपल्या उदाहरणात जीएसटी वगळून बिलिंग ४२९ लाख, परत आलेल्या मालाच्या आणि इतर क्रेडिट नोटा १७ लाख, म्हणून निव्वळ विक्री ४१२ लाख. पानावर निव्वळच घ्यायची आणि गेल्या वर्षीचा आकडाही त्याच व्याख्येचा आहे का ते पाहायचं. यंदाची निव्वळ आणि गेल्या वर्षीची क्रेडिट नोटा न वजा केलेली रक्कम शेजारी ठेवली, तर वाढ आहे त्याहून कमी दिसते.

दुसरी जागा येण्यांची. टॅलीतली येणी जीएसटीसह असतात, विक्री मात्र आपण जीएसटी वगळून घेतलेली असते. ३० जूनला येणी १३८ लाख आहेत. ती सरळ ४१२ ने भागून तिमाहीच्या ९१ दिवसांनी गुणली, तर उधारी ३० दिवसांची आहे असं उत्तर येतं. १८ टक्के जीएसटी धरून विक्री ४८६ लाख केली, की तीच उधारी २६ दिवसांची होते. शिवाय कूलरसारख्या हंगामी मालात ही सरासरीच फसवी असते, कारण बहुतेक विक्री एप्रिल–मेमध्ये झालेली असते. त्यापेक्षा साठ दिवसांपेक्षा जुनी येणी किती, हा थेट आकडा घ्यावा. तो आहे ४१ लाख. गेल्या वर्षी त्याच तारखेला २२ लाख होता.

आता झोनवार तक्ता. रकमा लाख रुपयांत, जीएसटी वगळून निव्वळ:

| झोन | यंदा | लक्ष्य | गेल्या वर्षी | लक्ष्यापासून फरक |
|---|---|---|---|---|
| नागपूर | १८६ | १८० | १६५ | +६ |
| वर्धा–चंद्रपूर | ९४ | १०० | ८८ | −६ |
| अमरावती–यवतमाळ | ८३ | ११५ | ९२ | −३२ |
| भंडारा–गोंदिया | ४९ | ५५ | ४३ | −६ |
| एकूण | ४१२ | ४५० | ३८८ | −३८ |

इथे एक मोह होतो. एकूण तूट ३८, त्यात अमरावतीची ३२, म्हणून ‘८४ टक्के तूट एकट्या अमरावतीची’ असं लिहावंसं वाटतं. ते बरोबर नाही. तीन झोनची तूट मिळून ४४ आहे आणि नागपूरच्या जादा ६ मुळे ती ३८ दिसते. अधिक-उणे मिसळलेल्या बेरजेची टक्केवारी काढू नये. सरळ लिहावं: अमरावती–यवतमाळ ३२ लाखांनी मागे, बाकी तीन झोन मिळून ६ लाखांनी मागे. तेवढंच ठळक आहे आणि कोणी खोडून काढू शकत नाही.

तुलनेचंही आत्ताच ठरवून टाका. कूलरची एप्रिल–जून तिमाही जानेवारी–मार्चशी ताडून काही कळत नाही. मार्चपर्यंत डीलर माल भरून ठेवतात, मेअखेर नवतपा असेपर्यंत ग्राहक येतात, आणि जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की मागणी बसते. दोन लगतच्या तिमाहींचा स्वभावच वेगळा आहे. म्हणून तुलना दोनच: लक्ष्याशी आणि गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी. पानावर तिसरी तुलना आणली की वाचणारा कुठलं टक्के कशाचं यात अडकतो.

चार ठळक आकडे

पानाच्या वरच्या पट्टीत चार चौकटी ठेवा. पाचवी आली की नजर पहिल्या दोनवरच थांबते. आपल्या दोन प्रश्नांना लागणारे आकडे असे निघतात.

पहिली चौकट निव्वळ विक्री: ४१२ लाख, लक्ष्य ४५० च्या ९१.६ टक्के. दुसरी वाढ: गेल्या वर्षीपेक्षा २४ लाख जास्त, म्हणजे ६.२ टक्के. तिसरी विकलेले नग: ५,१५०, गेल्या वर्षी ५,२४०. चौथी साठ दिवसांवरची येणी: ४१ लाख, गेल्या वर्षी २२.

तिसऱ्या चौकटीकडे थोडं थांबून पाहा. रुपयांत विक्री वाढली, पण नग ९० नं कमी झाले. दोन्ही खरं असेल तर मधला दुवा सरासरी दराचा असतो. गेल्या वर्षी ३८८ लाख भागिले ५,२४० नग, म्हणजे नगामागे सुमारे ७,४०५ रुपये. यंदा ४१२ लाख भागिले ५,१५०, म्हणजे बरोबर ८,०००. या फरकाचे दोन तुकडे करता येतात. दरातला फरक, सुमारे ५९५ रुपये, गुणिले यंदाचे नग: अधिक ३१ लाख. नगांतला फरक, उणे ९०, गुणिले गेल्या वर्षीचा दर: उणे ७ लाख. ३१ मधून ७ गेले की २४ उरतात, म्हणजे ताळा जुळला. याला ‘भाववाढ’ म्हणायची घाई मात्र करू नका. मोठ्या टाकीची महाग मॉडेलं जास्त गेली तरी सरासरी दर वाढतो. मॉडेलवार तक्ता हातात नसेल, तर पानावर ‘सरासरी दर’ एवढंच लिहा.

शीर्ष-वाक्य

चौकटींच्या वर एक वाक्य असतं आणि खूप जण फक्त तेच वाचतात. ‘एप्रिल–जून तिमाही विक्री आढावा’ हे पानाचं नाव झालं, ते कोपऱ्यात लहान अक्षरांत चालेल. शीर्ष-वाक्यात निष्कर्ष हवा.

पहिला प्रयत्न साधारण असा होतो: «विक्रीत ६.२ टक्के वाढ, मात्र लक्ष्य हुकले.» यात चूक काहीच नाही, पण पाचव्या पानावरचे ३४ लाख यात नाहीत. ते बाजूला काढून पाहा. ४१२ वजा ३४ म्हणजे ३७८. गेल्या वर्षीचे ३८८. म्हणजे परतीच्या अटीवरचा सगळा माल परत आला, तर वाढ नाही, उलट १० लाखांची घट आहे. महिन्यांकडे पाहिलं तरी तेच दिसतं:

| महिना | यंदा | गेल्या वर्षी | फरक |
|---|---|---|---|
| एप्रिल | १४८ | १५० | −२ |
| मे | १८२ | १६८ | +१४ |
| जून | ८२ | ७० | +१२ |

पाऊस लागणाऱ्या महिन्यात कूलरची विक्री १२ लाखांनी वाढावी, हीच खूण होती. जूनमधून स्कीमचे ३४ काढले की ४८ उरतात, गेल्या वर्षीच्या ७० समोर. गेल्या वर्षी अशी परतीची स्कीम होती का, हे विचारून घ्या. आपल्या उदाहरणात नव्हती, म्हणून तुलना दोन्ही बाजूंनी समान नाही आणि ते पानावर सांगावंच लागतं. शीर्ष-वाक्य मग असं होतं:

«विक्री ४१२ लाख, लक्ष्यापेक्षा ३८ लाख कमी. गेल्या वर्षीपेक्षा २४ लाख जास्त दिसते, पण त्यात ३१ जुलैपर्यंत परत येऊ शकणारा ३४ लाखांचा माल आहे.»

दोन वाक्यं झाली, चालतील. सेल्स मॅनेजरला हे वाक्य रुचणार नाही. म्हणून बैठकीच्या आधी पान त्यांना दाखवा आणि आकडा चुकीचा आहे का एवढंच विचारा. शब्द मवाळ करायची विनंती आली तर शब्द बदला, आकडा मात्र जागेवर राहू द्या. सगळा माल परत येईलच असं कोणी म्हणत नाही, म्हणून ‘येऊ शकणारा’ हा शब्द मोजून वापरला आहे. मधला मार्ग हवा असेल तर डीलरांकडे फोन करून ३० जूनला त्या मालातले किती नग शिल्लक होते ते मोजून घ्या आणि अंदाज त्यावर द्या. न मोजता टक्केवारी टाकू नका.

टिप्पणी: तीन, प्रत्येकी तीस शब्दांच्या आत

प्रत्येक टिप्पणीत क्रम एकच ठेवा: काय झालं, कितीचं, कशामुळे, पुढे कोण काय करणार. चारपैकी एखादं माहीत नसेल तर तसं लिहा. अमरावतीची टिप्पणी करून पाहू. मूळ वाक्य: ‘काही डीलरांच्या उधारीच्या अडचणींमुळे अपेक्षित विक्री होऊ शकली नाही.’ यातला ‘काही’ फोडा: दोन डीलर. ‘उधारीची अडचण’ फोडा: हंगामाआधी उचललेल्या मालाचे २६ लाख साठ दिवसांहून जुने झाले. ‘होऊ शकली नाही’ फोडा: मेमध्ये त्यांच्या २१ लाखांच्या ऑर्डर आपणच थांबवल्या. मग टिप्पणी लिहा:

«अमरावती–यवतमाळ लक्ष्यापेक्षा ३२ लाख मागे. दोन डीलरांची २६ लाखांची जुनी उधारी असल्याने मेमध्ये २१ लाखांच्या ऑर्डर थांबवल्या. उरलेल्या ११ लाखांचे कारण झोन मॅनेजर १५ जुलैपर्यंत कळवतील.»

शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. ३२ पैकी २१ चंच कारण सापडलं आहे. उधारीचं कारण सगळ्या ३२ लाखांवर पसरवलं असतं, तर मालकांना वाटलं असतं की माल सुरू केला की झोन भरून निघेल. तसं होणार नाही, आणि ते त्यांना निर्णयाआधी कळायला हवं. हे २६ लाख चौथ्या चौकटीतल्या ४१ लाखांचाच भाग आहेत, त्यामुळे चौकट आणि टिप्पणी एकमेकांना धरून राहतात.

दुसरी टिप्पणी जूनच्या स्कीमची: «जूनच्या ८२ लाखांपैकी ३४ लाख परतीच्या अटीवर. गेल्या वर्षी अशी स्कीम नव्हती. डीलरांकडील शिल्लक नगांची मोजणी १० जुलैपर्यंत.» तिसरी दराची: «नग ९० ने घटले. वाढ सरासरी दरातून आली, ७,४०५ वरून ८,००० रुपये. मॉडेलवार फोड पुढच्या आढाव्यात.»

नागपूर झोननं लक्ष्य ओलांडलं त्याचं काय? ते आलेखात दिसेलच. त्यावर टिप्पणी लिहून कुठलाच निर्णय बदलत नाही.

टक्क्यांबद्दल एक सूचना. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा बिलिंगच्या ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेल्या, तर ‘१ टक्क्यानं वाढल्या’ असं लिहू नका, आणि ‘३३ टक्क्यांनी वाढल्या’ असंही नको. ‘३ वरून ४ टक्के’ असे दोन्ही आकडे लिहिले की गोंधळ उरत नाही.

पानाची मांडणी

ए-फोर कागद आडवा, चारही बाजूंना सव्वा सेंटिमीटर समास. वरून साधारण तीन सेंटिमीटरमध्ये शीर्ष-वाक्य. त्याखाली तीन सेंटिमीटरची चौकटींची पट्टी. मधला आठ सेंटिमीटरचा भाग दोन आलेखांना: डावीकडे चार झोनचे आडवे पट्टे आणि प्रत्येकावर लक्ष्याची उभी रेघ, उजवीकडे तीन महिन्यांचे उभे खांब, यंदा आणि गेल्या वर्षी शेजारी-शेजारी. जूनच्या खांबात स्कीमचे ३४ लाख वेगळ्या तिरप्या रेघांनी दाखवा. या पानावरचं सगळ्यात उपयोगी चित्र तेच आहे. खाली तीन टिप्पण्या आणि अगदी तळाला एका ओळीत व्याख्या: «विक्री म्हणजे डीलरला केलेले बिलिंग, जीएसटी वगळून, क्रेडिट नोटा वजा करून. येणी जीएसटीसह. स्थिती ३० जूनची.» ही तळाची ओळ वाया गेलेली जागा वाटेल, पण ‘हा आकडा माझ्या आकड्याशी जुळत नाही’ हा बैठकीतला वाद तीच मिटवते.

गोल केकासारखे आलेख टाळा, त्यात लक्ष्य दाखवायला जागाच नसते. खांबांचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. एक्सेल अक्षाची सुरुवात कधी कधी स्वतःच वर सरकवतं आणि मग १४८ आणि १५० मधला फरक डोंगराएवढा दिसतो. फक्त लाल-हिरव्यावर विसंबू नका. ऑफिसातला प्रिंटर बहुतेक काळा-पांढराच असतो आणि त्यात दोन्ही रंग सारखेच करडे येतात. आकड्याशेजारी ▲ किंवा ▼ ठेवा. येण्यांमध्ये ▲ म्हणजे वाईट, तिथे शेजारी ‘वाढ’ असा शब्दच लिहा.

एक्सेलमध्ये बांधणी

तीन शीट पुरतात: `Data`, `Calc` आणि `Page`. टॅलीतून काढलेली बिलं आणि क्रेडिट नोटा `Data` मध्ये, क्रेडिट नोटा उणे चिन्हासह, आणि Ctrl+T नं त्याचं टेबल करून नाव `Data` द्या, त्यात रकान्यांची नावं `Date`, `Zone` आणि `Net` ठेवा. `Calc` मध्ये B1 आणि B2 मध्ये तिमाहीच्या तारखा, A6 पासून चार झोन. झोनची बेरीज अशी येते:

```
=SUMIFS(Data[Net],Data[Zone],$A6,Data[Date],">="&$B$1,Data[Date],"<="&$B$2)
```

एकूण आकडा झोनच्या बेरजेनं काढू नका. तो झोनची अट न लावता स्वतंत्र काढून B10 मध्ये ठेवा, म्हणजे ताळा खरा होतो. एखाद्या बिलात झोनचं नाव ‘अमरावती’ आणि दुसऱ्यात ‘अमरावती ’ असं शेवटी मोकळ्या जागेसह आलं, तर ते बिल झोनच्या बेरजेतून गळतं आणि हा ताळा ते पकडतो:

```
=IF(ABS(SUM(B6:B9)-B10)<1,"OK","CHECK")
```

आकडे रुपयांतच ठेवा आणि लाखांत फक्त `Page` वर दाखवा. आधीच लाखांत पूर्णांक करून मग टक्के काढले, तर दशांशात फरक पडतो. पूर्णांक करण्यामुळे कधी झोनची बेरीज एकूण आकड्यापेक्षा एकानं चुकली, तर आकडा ओढूनताणून जुळवू नका, तळाच्या ओळीत ‘आकडे पूर्णांकात’ एवढं लिहा. शीर्ष-वाक्यातले आकडे सूत्रानं जोडले तर शेवटच्या क्षणी आलेली क्रेडिट नोट आपोआप उतरते (इथे C10 मध्ये लक्ष्य):

```
="विक्री "&TEXT(B10/100000,"0")&" लाख, लक्ष्याच्या "&TEXT(B10/C10,"0.0%")
```

टिप्पण्या मात्र हातानं लिहा. आकडे बदलले की कारणंही पुन्हा वाचावी लागतात, आणि सूत्रानं बदललेला आकडा जुन्या कारणाशेजारी बसला तर ते चुकीचं वाक्य कोणाच्याच लक्षात येत नाही. अंकांचंही एकच वळण ठेवा. एक्सेलमध्ये सूत्राचे अंक साधारणपणे इंग्रजी वळणाचे येतात, म्हणून त्या पानावर टिप्पण्यांतही तेच वापरा.

मराठी मजकुरासाठी Nirmala UI किंवा Mangal असा युनिकोड फॉन्ट घ्या. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पान दुसऱ्या संगणकावर उघडलं की अगम्य अक्षरं दिसतात. चौकटींतला आकडा २४ ते २८ पॉइंट, टिप्पणी ११, तळाची ओळ ८. एका पानात बसवायला `Page Layout` मध्ये `Orientation` वर `Landscape`, `Print Area` ठरवून `Width` आणि `Height` दोन्ही `1 page`. त्यानंतर `Scale` मध्ये दिसणारा टक्का पाहा. तो ८० च्या खाली गेला असेल तर अक्षरं वाचता येणार नाहीत. तेव्हा मजकूर कमी करा, समास नव्हे.

देण्याआधीच्या चाचण्या

पान पीडीएफ करून काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर एकदा छापा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तळाची ओळ पुसट होते. मग विक्रीशी संबंध नसलेल्या माणसाला, उदाहरणार्थ स्टोअरच्या माणसाला, पान अर्धा मिनिट दाखवून काढून घ्या आणि विचारा: विक्री कशी झाली, काळजी कशाची आहे? ‘लक्ष्य हुकलं, अमरावती मागे, जूनचा माल परत येऊ शकतो’ यातलं काही सुटलं, तर जे सुटलं ते पानावर चुकीच्या जागी आहे.

शेवटी पानावरचा प्रत्येक आकडा तुमच्या चार रकान्यांच्या यादीत आहे का ते बोट ठेवून तपासा, आणि ती यादी पानाच्या फाइलीतच चौथं शीट म्हणून ठेवा. १० जुलैला डीलरांकडची मोजणी आली की त्या यादीत ३४ लाखांच्या ओळीसमोर नवा आकडा भरायचा, आणि फाइलीच्या नावात नवी तारीख घालून तेच पान पुन्हा काढायचं.